ग्राइप वॉटर, बाळगोळी आणि माझी जीभ

दारूबंदीच्या त्या वर्षांत पौडमधल्या माझ्या औषधाच्या दुकानातून सगळ्यात नेमाने ग्राइप वॉटर नेणारा माणूस सत्तरीचा होता आणि बिनलग्नाचा होता. दर बाजाराच्या दिवशी दोन बाटल्या. बाळ कुणाचं, असं मी एकदा विचारलं, तर जराही न लाजता म्हणाला, "माज्याच पोटात वायगोळा हाय." त्या पाण्यात तेव्हा बाळंतशोपेचा अर्क असे, सोडा असे, साखर असे आणि थोडा मद्यार्कही असे. म्हातारबुवा दुकानाच्या पायरीवर बसूनच एक बाटली संपवायचे आणि तोंड पुसत म्हणायचे, "पोरांची चैन हाय बाबा." बाटलीवर मात्र गुबगुबीत बाळाचं चित्र होतं आणि बाळाला शांत झोप लागते असं छापलं होतं. शांत झोप लागेल नाही तर काय! सत्तर वर्षांच्या गड्याला जे चढतं, ते सहा किलोच्या जिवाला काय अंगाई म्हणणार होतं?

मी औषधशास्त्राचा डिप्लोमा घेऊन पुण्याहून परत आलो होतो. घरची शेती पौडपासून दोन कोसांवरच्या वाडीत. आईवडील, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी, ही गोष्ट घडली तेव्हा सात महिन्यांची, असे सगळे तिथे राहायचे. मी रोज सायकलने पौडला यायचो, पांढरा कोट घालायचो आणि दिवसभर बायकांना बोलायचो. बोलायचो म्हणजे सल्ला द्यायचो असं नव्हे, बोलायचोच. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणत. मला ते कौतुक वाटे.

आता माझी बाजूही ऐका. बाळ रडलं की त्याच्या पोटात काय काय ढकलायचे हे लोक! जन्मल्यापासून एरंडेल. वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड हे सगळं सहाणेवर उगाळून त्याची गुटी. जायफळाचे दोन वळसे जास्त पडले की पोर दिवसभर गुंगीत, आणि घरचे खूश, "गुणाचं हाय गं." दात यायला लागले की एक पांढरी पूड हिरड्यांना चोळायची. ती पूड माझ्या आधीच्या दुकानदाराने कपाटात भरून ठेवली होती. डब्यावर लाल गालांचं विलायती पोर हसत होतं. आत काय होतं? पारा. कॅलोमेल म्हणतात त्याला. ती पूड नेमाने चाटलेल्या पोरांचे तळहात-तळपाय गुलाबी होतात, सोलतात, पोर प्रकाशाकडे बघेनासं होतं, किरकिरं होतं. आणि पोर किरकिरं झालं की आई म्हणते, दातांचा त्रास वाढला, अजून पूड लावा. मी ते सगळे डबे मोजून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हवाली केले. दुसऱ्याच दिवशी एक आजीबाई आल्या नि म्हणाल्या, "पयला दुकानदार लई चांगला व्हता. त्याच्याकडं समदं मिळायचं."

पण या सगळ्यांची महाराणी होती बाळगोळी. मोहरीच्या दुप्पट असेल, काळी, कागदात गुंडाळलेली. बाजाराच्या दिवशी एक मिशाळ माणूस गोणपाटावर मुळ्या, दात आणि सापाची कात मांडून बसे, त्याच्या मांडीखालच्या डबीत ती असे. तिच्यात अफू. सरकारने अफू बंद केली होती म्हणून ती मांडीखाली, एवढाच कायद्याचा परिणाम. गोळीने पोर झोपतं. गोळीने जुलाबही थांबतात, कारण अफूने आतडीही झोपतात. भूकही झोपते. म्हणजे ना रडणं, ना हगणं, ना खाणं. भाताची कापणी चालू असताना बाईला याहून सोयीचं मूल देवसुद्धा देऊ शकत नव्हता.

म्हणून मी दुकानात पाटी लावली: "येथे बाळगोळी मिळत नाही. मागू नये. देणाऱ्या आईने तोंड दाखवू नये." शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होतो. पुण्याचा एक मित्र आला होता, त्याला मुद्दाम ती दाखवली.

सल्ला मी देत होतो, आणि सल्ला चुकीचा नव्हता. दात येतात तेव्हा लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर चिडतं. त्याला औषध लागत नाही. हात साबणाने धुऊन बोटाने हिरड्या हलक्या चोळा. पाणी उकळून माठाशेजारी गार करा, त्यात स्वच्छ फडकं भिजवून, पिळून चावायला द्या, समोर बसून. हनुवटी पुसत राहा. पोट दुखत असेल तर पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा, खांद्यावर घेऊन फिरा. अंगावरचं दूध सोडून तान्ह्याला काही नको. आणि ताप, जुलाब, दूध न ओढणं, फार झोपणं यातलं काही असेल तर दातांच्या डोक्यावर खापर फोडू नका, डॉक्टरकडे जा. एवढंच. पण एवढंच मी कसं सांगायचो? "बोट धुवा म्हणजे शेण काढून झाल्यावर धुवा, समजलं का?" "तुमच्या सासूने नऊ वाढवली, त्यातली जगली किती?" हा प्रश्न मी खरंच एका बाईला विचारला होता. तिच्या सोबत सासू उभी होती. दोघी काही न घेता निघून गेल्या आणि मी मागे लोकशिक्षण झाल्याच्या आनंदात काउंटर पुसत बसलो.

ग्राइप वॉटर मात्र मी विकत होतो हं. तत्त्व आपल्या जागी, धंदा आपल्या जागी. कंपनीचं बूच, कंपनीचा चमचा, कंपनीचा कागद. मी स्वतःला सांगायचो की लोक बाळगोळीपेक्षा हे घेतील तर बरं. घरीही एक बाटली मीच नेऊन ठेवली होती. वहिनीला म्हटलं, "अगदीच रडली तर अर्धा चमचा. शास्त्रशुद्ध आहे."

घरात माझा दरारा आणखी होता. सुट्टीच्या एका दिवशी मी आईची सहाण जप्त केली. आजीच्या वेळची ती, मध्ये खळगा पडलेली, तिच्यात वेखंडाचा पिवळा थर बसलेला. त्या थरात किती जंतू असतील यावर मी ओसरीवर उभं राहून प्रवचन दिलं आणि सहाण नेऊन गोठ्यामागच्या उकिरड्यात पुरली. आई नुसती म्हणाली, "आरं, तिच्यावर तूबी वाढलास." मी म्हटलं, "म्हणूनच असा आहे." सगळे हसले. वहिनी हसली नाही. ती सासूसमोर तशीही फार हसायची नाही, म्हणून मला काही वाटलं नाही.

आता सहाणेवर बाळगोळी कशी द्यायची, ते सांगतो. अख्खी गोळी कुणीच देत नसे. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून गोळीचा एक वळसा द्यायचा. फार तर दोन. जे उतरेल ते बोटाने चाटवायचं आणि गोळी परत कागदात. एक गोळी महिनाभर पुरायची. विष ते विषच, पण त्याला बायकांनी आपलं एक माप लावून ठेवलं होतं. ते माप माझ्या डिप्लोमात नव्हतं, त्यामुळे मी त्याची चौकशी केली नव्हती.

कार्तिकातली गोष्ट. भाताची कापणी ऐन भरात. मुलीला दोन दिवस पातळ होत होतं आणि खालचे दोन दात टोचत होते. मी सकाळी निघताना बघितलं होतं. "दातांनी जुलाब होत नाहीत," एवढं म्हणून, बाकी काय द्यायचं, कुठे न्यायचं, ते काही न सांगता मी सायकलवर बसलो. उशीर होत होता. वाटेत मनातल्या मनात मी एका नव्या पाटीचा मजकूर जुळवत होतो.

दुपारी दोनच्या सुमारास दादाची सायकल दुकानापाशी येऊन आदळली. मागे कॅरिअरवर वहिनी, तिच्या मांडीत पोर. वहिनीच्या लुगड्याला भाताची कुसळं तशीच चिकटलेली. दादा म्हणाला, "उठंना झालीया. सकाळधरनं बांधावर झोळीत व्हती. पाजायला उठवली तर मान टाकतीया."

मी पोरीला काउंटरवर घेतलं. श्वास चालू होता, पण एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ओठ काळपट. आणि मी, पांढऱ्या कोटातला, पहिला प्रश्न विचारला, "काय दिलंत तिला?" कसा विचारला असेल ते तुम्हाला आता कळतंय. पाटी तिच्या डोक्याच्या वरच होती.

वहिनी म्हणाली, "कायबी न्हाई, भावजी."

"ग्राइप वॉटर?"

"व्हय. अर्दा चमचा."

"दुसरं काही?"

"न्हाई."

मग मी काय केलं? पापणी वर करून डोळे बघितले? नाही. अफूच्या विषबाधेत बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण घेतले होते. पण ते इतर लोकांच्या घरांसाठी होतं. आमच्या घरात असलं काही होत नाही. मी वहिनीला उन्हाबद्दल बोललो, जुलाबात अंगावरचं पाजलं नसशील म्हणून बोललो, पोर बांधावर टाकून कापणीला जाण्याबद्दल बोललो. दादा ओरडला, "आरं, बोलतोस काय नुसता! काय तरी कर!" तेव्हा कुठे माझे पाय हलले.

सरकारी दवाखाना तिथून शंभर पावलांवर होता. डॉक्टर बुटके, कमी बोलणारे. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं, तळपायावर टिचकी मारली, पापणी उचलली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "काय दिलं, किती दिलं, कधी दिलं?"

वहिनीने तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "आमच्या घरात असलं काही देत नाहीत, डॉक्टर. मी स्वतः बघतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "तुम्ही बाहेर जा," म्हणाले.

"मी फार्मासिस्ट आहे."

"म्हणूनच म्हणतोय. बाहेर जा. दार लावून घ्या."

मी बाहेर गेलो. दार लावलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेळी बांधलेली होती, तिच्या शेजारी उभा राहिलो. दार लागून मोजून दोन श्वास झाले नसतील, आतून वहिनीचा आवाज आला. रडत नव्हती, भरभर सांगत होती, कुणीतरी पाठीला लागल्यासारखी. बाजारातून गोळी आणली. नेहमी सहाणेवर एक वळसा द्यायची. सहाण न्हाई ऱ्हायली. हातानं मोडली तर मोडंना. मग चमच्यात ग्राइप वॉटर घेतलं, त्यात गोळी टाकली, इरघळली, समदी दिली. येवडीशी तर व्हती. सकाळी नवाच्या आधी. भावजी गेल्यावर.

 मी शेळीच्या खुंटाला धरून खाली बसलो. आणि तिथेच ओकलो. शेळीने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकली.

पुढचं डॉक्टरांनी केलं. बारीक नळी घालून पोट धुतलं. श्वास थांबल्यासारखा झाला की तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. उतारा देणारं इंजेक्शन पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात होतं, आमच्याकडे नव्हतं. तहसील कचेरीची जीप मिळाली. मागे डॉक्टर, वहिनी आणि पोर. दादा पायाशी. मला ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि डॉक्टर म्हणाले, "मागे वळू नका. बोलू नका." पिरंगुटच्या घाटात ड्रायव्हर गिअर बदलायचा तेव्हा मला मागचं काही ऐकू यायचं नाही आणि माझा जीव जायचा. मग सपाटी लागली की तळपायावरच्या चापट्या ऐकू यायच्या, चट् चट्, आणि डॉक्टरांचं "हं, घे. घे बाळा," आणि मग कधीतरी श्वास. मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प होतो.

हॉस्पिटलात इंजेक्शन दिल्यावर काही वेळाने पोर हललं. मग कण्हलं. मग जे रडायला लागलं ते थांबेना. त्यांनी सांगितलं, औषध उतरलं की पुन्हा गुंगी येऊ शकते, दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवू. ठेवली. तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीने घरी आलो. जुलाब दातांचे नव्हतेच, उघड्या भांड्यातल्या पाण्याचे होते, हे तिथल्या नर्सबाईंनी अगदी सहज, कुणालाही न रागावता वहिनीला समजावलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि दोन प्रश्नही विचारले. ती प्रश्न विचारते हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर आई मला काही बोलली नाही, दादा काही बोलला नाही. मला वाटलं, वहिनीची चूक आहे आणि सगळे तिला सांभाळून घेतायत. बघा, अजूनही माझी अक्कल कुठे चालली होती! चार दिवसांनी ती अंगणात भात वारवत होती. मी मोठ्या मनाने तिच्यापाशी गेलो, जणू माफी द्यायला. म्हटलं, "वहिनी, झालं ते झालं. पण मला आधी सांगायला हवं होतं. काउंटरवरच सांगितलं असतंस तर तेवढी मिनिटं वाचली असती."

तिने सूप खाली ठेवलं. "खरं सांगा, भावजी. म्या सांगितलं असतं, तर तुमी आदी पोरीला घेतलं असतं का आदी मला बोलला असता?"

मी उत्तर शोधलं. सापडलं. ते मला आवडलं नाही.

"तुम्हाला," मी म्हणालो. मी तिला कधी अहो-जाहो करत नसे, तेव्हा केलं. "आधी तुम्हाला बोललो असतो."

"मंग?" एवढंच म्हणून तिने सूप उचललं. भूस माझ्या अंगावर उडत होता, पण तिथून हलायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटी काढली. ग्राइप वॉटरच्या बाटल्याही शेल्फवरून उतरवल्या. म्हातारबुवांनी मला अख्ख्या बाजारादेखत शिव्या दिल्या, त्या मी निमूट घेतल्या, सराव म्हणून. पुढे काही वर्षांनी हिरड्या बधिर करणाऱ्या मलमाच्या ट्यूबा घेऊन कंपनीचा माणूस आला, दोन मिनिटांत रडं बंद म्हणाला. पोराच्या हिरडीवरून ते घशात उतरतं, गिळायचं भान जातं आणि कधीकधी रक्तातून प्राणवायूच वाहेनासा होऊन तान्हं निळं पडतं, हे मला माहीत होतं. त्याला मी चहा पाजून परत पाठवला. रडं बंद करणाऱ्या कुठल्याही वस्तूची मला आता धास्तीच बसली होती.

पण पाटी काढून काय होतं? जीभ तोंडातच होती. पुढचे दोन महिने बायका यायच्या, फडक्यात गुंडाळलेलं पोर दाखवायच्या, आणि मी जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारायचो, "घरी काही दिलंय का?" सगळ्या म्हणायच्या, "कायबी न्हाई." एकजात. मी हसून विचारलं तरी, खाली बघून विचारलं तरी. ज्यांना मी दोन वर्षं झोडपलं होतं त्या माझ्या मऊपणावर विश्वास का ठेवतील? 

मग एक दिवस मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोरसवदा बाई आली. कडेवर पाच महिन्यांचं पोर, झोपलेलं. फार झोपलेलं. मी विचारलं. तिने दाराकडे बघितलं, जायच्या बेतात असल्यासारखं. मी काउंटरवर हात ठेवून नुसता उभा राहिलो. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते देवाला ठाऊक. शेवटी तिने पदराची गाठ सोडली. कागदाची पुडी काढली, उलगडली आणि काउंटरवर ठेवली. काळी गोळी, अर्धी.

"अर्दी दिली," ती म्हणाली. डोळे मिटून घेतले होते तिने, जणू आता कानाखाली बसणार.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणालो. "किती वाजता दिली, बाई? चला, मी येतो तुमच्या सोबत दवाखान्यात." आणि पोर तिच्याकडून माझ्या खांद्यावर घेतलं.